पार्लेच्या पुड्यावरची मुलगी आणि यंत्राने काढलेला बूट

"चित्र एआयने काढलंय, म्हणजे ते नवंकोरंच. त्यात कुणाची नक्कल असेल कशी?" जाहिरातीचं काम करणाऱ्यांकडून हे वाक्य हल्ली सारखं ऐकू येतं. यातला "म्हणजे" फसवा आहे. चित्र नवं असतं हे खरं. पण त्यातल्या बुटाच्या कडेला उमटलेली वळणदार रेघ नवी असेलच असं नाही, आणि ग्राहकावर कायद्याची नोटीस येते ती त्या रेघेमुळे.

रेघ कुठून येते ते आधी पाहू. चित्र काढणारी मॉडेल्स इंटरनेटवरच्या अब्जावधी छायाचित्रांवर आणि त्यांच्या मथळ्यांवर शिकतात. "धावण्याचे बूट" असा मथळा असलेल्या फोटोंमध्ये कडेला कुठल्या तरी मोठ्या कंपनीची खूण जवळजवळ नेहमीच असते. ही खूण बुटाचा भाग नाही, ती कुणाच्या तरी मालकीची आहे, हे मॉडेलला कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्या लेखी नाडी असते तशीच पट्टी असते. गेटी इमेजेस या फोटो-संस्थेने स्टॅबिलिटी एआयवर लंडनमध्ये खटला भरला, तेव्हा हेच उघडं पडलं. यंत्राने काढलेल्या काही चित्रांवर गेटीचा वॉटरमार्क वेडावाकडा उमटला होता. नोव्हेंबर 2025च्या निकालात गेटीचा बराचसा दावा टिकला नाही, पण वॉटरमार्कच्या मुद्द्यावर, मर्यादित प्रमाणात का होईना, ट्रेडमार्कचा भंग झाल्याचं न्यायालयाने मान्य केलं.

दुसरं कारण चित्र काढण्याच्या पद्धतीत आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या जातीची मॉडेल्स थेट पिक्सेल रंगवत नाहीत. 1024 × 1024 पिक्सेलचं चित्र आतमध्ये 128 × 128 चौकटींचं असतं, म्हणजे एक चौकट 8 × 8 पिक्सेलची. मागे धावणाऱ्या माणसाच्या छातीवरची खूण 40 पिक्सेलची असेल, तर तिच्या वाट्याला जेमतेम 5 × 5 चौकटी येतात. एवढ्यात "इथे काहीतरी काळं, वळलेलं असतं" इतकंच ठरतं. मग चित्र मोठं करणारं सॉफ्टवेअर त्या धुरकट डागाला आत्मविश्वासाने धारदार कडा देतं. जे हाती येतं ते मूळ लोगो नसतं, पण त्याचा चुलतभाऊ नक्की असतो.

आता प्रश्न असा की चुलतभाऊ ओळखायचा कसा? इथे मला 1972चा एक खटला फार आवडतो. पार्ले प्रॉडक्ट्सच्या ग्लुको बिस्किटांच्या पुड्यावर शेतातलं घर, गाई, कोंबड्या आणि मधोमध पाण्याची बादली घेतलेली मुलगी होती. म्हैसूरकडच्या जे. पी. अँड कंपनीने आपली ग्लुकोज बिस्किटं विकायला काढली. त्यांच्याही पुड्यावर मुलगी, गाई, कोंबड्या. पण या मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा. खालच्या न्यायालयांनी फरक मोजले, ते पुष्कळ निघाले, आणि पार्ले हरली. सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. दोन पुडे शेजारी ठेवून फरकांची यादी करायची नसते, असं न्यायालयाने म्हटलं. ठळक वैशिष्ट्यं पाहायची, आणि एक पुडा ओळखीचा असलेल्या माणसाला दुसरा दिला तर तो फसेल का, एवढंच विचारायचं. त्याआधी 1962मध्ये "अमृतधारा" आणि "लक्ष्मणधारा" या औषधांच्या नावांवरून झालेल्या वादातही न्यायालयाने कसोटी धरली ती सामान्य बुद्धीच्या आणि अर्धवट आठवण असलेल्या गिऱ्हाइकाची.

म्हणजे पिक्सेलला पिक्सेल ताडून पाहणं इथे निरुपयोगी आहे. फोटोची हुबेहूब प्रत शोधायला ते ठीक. पण बादलीच्या जागी भारा आला की पिक्सेल बदलले, आणि यंत्र म्हणणार "वेगळं आहे". आपल्याला हवंय अर्धवट आठवणीचं गणित. गंमत म्हणजे ते गणित तयार आहे. त्याला एम्बेडिंग म्हणतात.

ओपनएआयने 2021मध्ये प्रसिद्ध केलेलं क्लिप हे मॉडेल घ्या. ते 40 कोटी चित्र-मथळा जोड्यांवर शिकलं. शिकवण्याची रीत साधी आहे: प्रत्येक चित्राचे आकडे करायचे, प्रत्येक मथळ्याचे आकडे करायचे, आणि आपापल्या जोडीदाराचे आकडे जवळ येतील, परक्यांचे दूर जातील अशा बेताने मॉडेलला हजारो जोड्यांवर एकाच वेळी ढकलत राहायचं. त्याच्या एका प्रचलित आवृत्तीत चित्राचे शेवटी 512 आकडे उरतात. 512 आकडे म्हणजे 512 मितींच्या अवकाशातला एक बाण. दोन चित्रं सारखी आहेत का, याचं उत्तर म्हणजे त्या दोन बाणांमधला कोन. शाळेतला कोसाइन आठवा: कोन शून्य असेल तर 1, काटकोन असेल तर 0. रंगाची छटा, चित्राचा आकार, मुलीच्या हातात नेमकं काय आहे, यातलं बरंचसं या 512 आकड्यांत पुसट होतं; "शेतात मुलगी, भोवती गाई" हे टिकतं. पार्लेच्या निकालातलं गिऱ्हाईक जे लक्षात ठेवतं, जवळपास तेच.

मात्र हे साधन जसंच्या तसं वापरलं की दगा देतं. समजा, कोल्हापूरच्या एका पादत्राणं बनवणाऱ्यासाठी दिवाळीची जाहिरात तयार झाली आहे. चित्र 2048 × 2048 पिक्सेलचं, पुढे पांढरा बूट, मागे धावणारा तरुण, त्याच्या बनियनवर 80 पिक्सेलची एक खूण. क्लिप कुठलंही चित्र आधी 224 × 224 एवढं लहान करतं आणि त्याचे 32 पिक्सेलचे चौकोन पाडून वाचतं. नऊपटीने लहान झाल्यावर आपली खूण उरली सुमारे 9 पिक्सेलची. एका चौकोनाच्या कोपऱ्यात ती हरवून जाते. अख्ख्या चित्राचा आकडा सांगेल "बूट, तरुण, सकाळ", आणि खुणेबद्दल अवाक्षर काढणार नाही.

म्हणून चित्राचे तुकडे करायचे. 256 पिक्सेलचा तुकडा, दर वेळी 128 पिक्सेल पुढे सरकवत. आडवे 15, उभे 15, एकूण 225. शेजारचे तुकडे एकमेकांवर निम्मे चढलेले असल्यामुळे 80 पिक्सेलची खूण कुठल्या तरी एका तुकड्यात अख्खी सापडतेच. त्या तुकड्याचं 224 झालं की खूण 70 पिक्सेलची होते, दोन-तीन चौकोन व्यापते, आणि यंत्राला "दिसते". प्रत्येक तुकड्याचा बाण मग प्रसिद्ध खुणांच्या साठवलेल्या बाणांशी ताडायचा. या साठ्यात ग्राहकाच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा आधी हव्यात.

पुढची खोच पटकन ध्यानात येत नाही. पांढऱ्या बुटाचा कुठलाही तुकडा दुसऱ्या कंपनीच्या पांढऱ्या बुटाशी भरपूर जुळतो, कारण दोन्ही बूट आहेत! नुसता मोठा आकडा पाहून घाबरायचं तर प्रत्येक बूट गुन्हेगार ठरेल. त्यामुळे तोच तुकडा बिनखुणेच्या, साध्या बुटांच्या फोटोंशीही ताडतात आणि वजाबाकी करतात. समजा, प्रसिद्ध बुटाशी 0.84 आणि साध्या बुटाशी 0.82 आले, तर ते साम्य बूटपणाचं. पण 0.79 आणि 0.61 आले, तर आकडा आधीपेक्षा लहान असूनही तुकडा बाजूला काढून माणसाने पाहायलाच हवा. फरक किती असला म्हणजे शंका घ्यायची, हा उंबरठा कुणी आयता देत नाही. तो आपल्याच कामातल्या जुन्या चित्रांवर बसवावा लागतो. फार खाली ठेवला तर काम अडतं: हजारात एका तुकड्यावर खोटी घंटा वाजते असं धरलं, तरी 225 तुकड्यांमुळे साधारण दर पाचव्या चित्रावर ती वाजेल.

"आमचं सॉफ्टवेअर शंभर टक्के ब्रँड-सेफ आहे" असं सांगणारे विक्रेते याबद्दल मौन पाळतात. प्रॉम्प्टच्या शेवटी `no logo, no brand` लिहून निर्धास्त होणारेही तसलेच. दुकानाला लिंबू-मिरची बांधण्याइतकाच त्याचा भरवसा. उलट बऱ्याच मॉडेल्सना नकार नीट कळत नाही. "लोगो" हा शब्द वाचला की ती लोगोच्याच दिशेने झुकू शकतात.

शब्दांची तपासणी वेगळी ठेवावी लागते, कारण क्लिप अक्षरांना भुलतं. हिरव्या सफरचंदावर iPod लिहिलेली चिठ्ठी चिकटवली, तर ते सफरचंदाला आयपॉड समजलं, हे ओपनएआयनेच दाखवून दिलं होतं. यंत्राने काढलेल्या पाट्या, बाटल्या, डबे यांवरची अक्षरं ओसीआरने वाचून घ्यायची, आणि एखाददुसरं अक्षर बदललेली नावंही जुळतात का ते पाहायचं. आपल्याकडे हे देवनागरीतही करायला हवं.

गणित सगळ्यात जास्त चुकतं ते जागेच्या बाबतीत. तीन समांतर पट्ट्या टेबलक्लॉथवर असल्या तर त्या पट्ट्याच. बुटाच्या कडेला तिरक्या असल्या तर आदिदास आठवतं. पण रेषा इतकी सोपीही नाही. थॉम ब्राऊनच्या कपड्यांवरच्या चार पट्ट्यांवर आदिदासने न्यूयॉर्कमध्ये दावा लावला, तेव्हा जानेवारी 2023मध्ये ज्यूरीने थॉम ब्राऊनच्या बाजूने कौल दिला. म्हणून खुणेचा लहान तुकडा आणि ती ज्यावर बसली आहे ती वस्तू, दोन्ही वेगवेगळे ताडून पाहायला हवेत. शेवटचा कौल अर्थातच माणसाचा. त्यासाठी जुनी, साधी युक्ती उपयोगी पडते: ज्याने हे चित्र केलेलं नाही अशा सहकाऱ्याला ते अंगठ्याएवढं करून दोन-तीन सेकंद दाखवायचं, मिटवायचं, आणि "कुणाची जाहिरात होती?" असं विचारायचं. त्याच्या तोंडून परक्या कंपनीचं नाव आलं, तर संगणकाचा आकडा काहीही असो, चित्र परत.

शंका उरली तर नोंदवही उघडायची. भारताच्या ट्रेडमार्क नोंदणीचं मुख्य कार्यालय मुंबईतच, अँटॉप हिलला आहे, आणि तिचा सार्वजनिक शोध कुणालाही वापरता येतो. तिथे शब्दाने, उच्चाराने आणि व्हिएन्ना कोडने शोधता येतं. व्हिएन्ना वर्गीकरणात चित्रखुणांचे 29 मोठे वर्ग आहेत. पाचवा वनस्पतींचा, सव्विसावा भौमितिक आकृत्यांचा. आपली वळणदार रेघ कुठल्या वर्गात बसते हे ठरवून त्यातल्या नोंदी चाळायच्या. वेगळ्या धंद्यातली खूण आहे म्हणून सोडून देऊ नये. 1999च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 29(4) नावाजलेल्या खुणांना भलत्याच मालावरही संरक्षण देतं, आणि 29(6)नुसार जाहिरातीतला वापरही वापरच असतो.

आपल्या उदाहरणात बनियनवरची खूण सापडली, असं धरू. ती जागा निवडून तेवढाच भाग यंत्राकडून पुन्हा रंगवून घेतात. पण रंगवणारं मॉडेल तेच, त्याच फोटोंवर शिकलेलं. रिकाम्या छातीवर ते दुसऱ्या कंपनीची खूण आणून ठेवू शकतं. त्यामुळे खूण हाताने पुसून तिथे बनियनचाच कापडी पोत ओढून घेणं जास्त खात्रीचं. त्यानंतर सगळे 225 तुकडे पुन्हा एकदा तपासायचे, आणि तेही चित्र छापील आकाराला मोठं करून झाल्यावर, कारण डागाला कडा तिथेच फुटतात.