कारल्याचा रस आणि मधुमेहाची गोळी एकत्र येतात तेव्हा

कडू खाल्ले की रक्तातली साखर मरते, अशी समजूत शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येते. जिभेवरची चव आणि रक्तातले ग्लुकोज यांचा असा वजाबाकीचा हिशेब नसतो. कारल्यात मात्र साखरेवर परिणाम करू शकणारी द्रव्ये खरोखर आहेत. त्याच्या अर्कामुळे स्नायूंच्या पेशी जास्त ग्लुकोज ओढून घेतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. माणसांवरच्या चाचण्यांत हा परिणाम बेताचाच आढळला, काहींत आढळलाच नाही. जांभळाच्या बियांच्या पुडीचा पुरावा त्याहूनही तोकडा आहे.

मग लोक म्हणतात, ‘गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना?’ याचे उत्तर तुम्ही आधीपासून कोणती गोळी घेता यावर ठरते.

फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत क्वचितच उतरते, कारण ही गोळी स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन सोडायला लावत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांचे तसे नाही. त्या काय करतात हे पाहण्यासारखे आहे.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशींच्या आवरणात पोटॅशियम बाहेर जाऊ देणारी सूक्ष्म दारे असतात. जेवणानंतर पेशीत ग्लुकोज शिरते, ते जळून एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य तयार होते आणि एटीपी वाढले की ही दारे मिटतात. पोटॅशियम आत अडकल्याने पेशीचा विद्युतभार बदलतो, त्यामुळे कॅल्शियम आत येते आणि कॅल्शियम आले की इन्सुलिन बाहेर पडते. साखर कमी झाली की एटीपी कमी होते, दारे पुन्हा उघडतात आणि इन्सुलिन थांबते. किती नेमकी व्यवस्था आहे ही! सल्फोनिलयुरिया थेट त्या दारांना चिकटून ती मिटवते. मग रक्तात साखर किती आहे याची फारशी पर्वा न करता इन्सुलिन येत राहते. एरवी साखर उतरू लागताच शरीर सर्वांत आधी इन्सुलिन आवरते, आणि नेमका तोच पहिला बचाव इथे दुबळा होतो. शिवाय रक्तात इन्सुलिन असेपर्यंत यकृतही आपल्या साठ्यातले ग्लुकोज मोकळ्या हाताने सोडत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पासष्ट वर्षांचे गृहस्थ, मूत्रपिंडे थोडी मंदावलेली, रोज सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. कोणीतरी सांगितले म्हणून ते उपाशीपोटी कारल्याचा रस सुरू करतात आणि ‘आता परिणाम बघू’ म्हणून नाश्ता अर्ध्यावर आणतात. सात वाजता गोळी आणि रस, मग फिरायला जाणे. चालताना स्नायू आपणहून ग्लुकोज ओढतात, गोळी इन्सुलिन सोडवत राहते, रसाचा जो काही परिणाम असेल तो त्यात मिळतो आणि पोटातून येणारी साखर निम्मी झालेली असते. दहाच्या सुमारास साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाते, हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. ५४ च्या खाली मेंदूला ग्लुकोज अपुरे पडू लागते आणि माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, गुंगतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जाते. मग बऱ्याचदा घाम एवढीच खूण उरते.

गोळी आणि कारले यांची अशी गाठ पडल्याची नोंद जुनी आहे. १९७९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका स्त्री रुग्णाची हकिकत आली होती. ती याच गटातली क्लोरप्रोपामाइड ही गोळी घेत होती आणि कारले खाण्यात आले की तिच्या लघवीतली साखर कमी होत असे. भाजीचे प्रमाण निदान बेताचे असते. रसात कारल्याची जात, त्याचे कोवळेपण आणि पेल्याचा आकार रोज बदलतो, त्यामुळे डॉक्टरला गोळीचा डोस जुळवता येत नाही. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये तर तपासणीअंती ग्लिबेनक्लामाइडच सापडले आहे. अशी पूड घेणारा नकळत औषधाचा जादा डोस घेत असतो.

साखर उतरल्याची शंका आली तर ग्लुकोमीटर लावावा. तो जवळ नसेल तर वाट पाहू नये. शुद्धीवर असलेल्याला १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन-चार चमचे, पाण्यातून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. ७० च्या वर आली नाही तर तेवढेच पुन्हा द्यावे. वर आली की खायला द्यावे. गोळीत व्होग्लिबोज असेल तर घरातली साखर पचायला वेळ लागतो, म्हणून ग्लुकोज पावडरच हवी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

आपल्या उदाहरणातले गृहस्थ ग्लुकोज घेऊन तासाभरात बरे वाटतेय म्हणाले, तरी त्यांना घरी ठेवणे चूक ठरेल. मंद मूत्रपिंडांमुळे गोळीचा परिणाम लांबतो आणि प्यायलेले ग्लुकोज संपले की साखर पुन्हा घसरते, बऱ्याचदा झोपेत. अशा रुग्णाला दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ, देखरेखीखाली ठेवून साखर वारंवार मोजावी लागते. रस किंवा पूड चालू होती हे तिथल्या डॉक्टरला सांगावे, आणि पुडीचे पाकीट सोबत न्यावे.