दावा मंजूर झाला, पण पैसे खात्यात आले नाहीत: पॉलिसीवरच्या जुन्या बँक खात्याबद्दल

आमच्या सर्व ग्राहकांना नमस्कार,

नवी पेठेतल्या आमच्या कार्यालयात हल्ली एक तक्रार वारंवार येते. विमा कंपनीचा मेसेज आलेला असतो की दावा मंजूर झाला आणि रक्कम पाठवली. पासबुक भरून आणलं तर त्यात काहीच नाही. बँकेत विचारलं तर ‘आमच्याकडे काही आलं नाही’ आणि कंपनीला फोन केला तर ‘आमच्याकडून गेलेत.’ दोघंही खरंच बोलत असतात. पैसे जुन्या खात्याच्या पत्त्यावर गेले आणि तिथून परत फिरले, एवढंच घडलेलं असतं.

यामागे एक गैरसमज असतो. पुष्कळांना वाटतं, ‘माझा हप्ता नव्या खात्यातून कापला जातो, म्हणजे कंपनीकडे नवं खातं आहेच की!’ तसं नसतं. हप्ता ज्या खात्यातून जातो त्याची नोंद वेगळी आणि कंपनी ज्या खात्यात पैसे देणार त्याची नोंद वेगळी. तुम्ही वर्षानुवर्षे नव्या खात्यातून किंवा यूपीआयने हप्ता भरत असलात, तरी रक्कम देण्यासाठी पॉलिसी काढताना लिहिलेलं खातंच तिथे राहतं. दावा येईपर्यंत ते कोणी उघडूनही पाहत नाही.

एका ग्राहकाचं उदाहरण

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले आमचे एक ग्राहक. पत्नीचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलला कॅशलेसची सोय नव्हती, म्हणून बिल स्वतः भरून नंतर दावा केला. बिल ७८,४०० रुपयांचं होतं. हातमोजे वगैरे पॉलिसीत न बसणारा खर्च वजा होऊन ७१,२५० मंजूर झाले. दाव्याच्या फॉर्मच्या पहिल्या भागात बँकेच्या माहितीचा रकाना असतो. ‘कंपनीकडे खातं आहेच’ म्हणून त्यांनी तो कोरा सोडला होता.

कंपनीने मग पॉलिसीवरचं खातं घेतलं. ते २०१६ सालचं, सिंडिकेट बँकेतलं. ही बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि SYNB ने सुरू होणारे तिचे जुने आयएफएससी कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. त्या जागी CNRB ने सुरू होणारे कोड आले. आमच्या ग्राहकांनी तर ते खातंही मधल्या काळात बंद केलं होतं. त्यामुळे रक्कम जमा होणं शक्यच नव्हतं.

खात्यात जमा न होणारी एनईएफटीची रक्कम बँकेला काही तासांतच परत पाठवावी लागते, म्हणजे पैसे अडकून पडत नाहीत. वेळ जातो तो पुढे. कंपनीच्या हिशेब विभागात ती रक्कम परत जमा होते, पण दावा विभागाला ते कळायला दिवस लागतात आणि तोवर वेबसाइटवर ‘पेड’ असंच दिसत राहतं. म्हणून ‘पेड’ दिसलं तरी पासबुकात एन्ट्री येईपर्यंत दावा संपला असं धरू नका.

आम्ही त्यांना कंपनीकडून चार गोष्टी मागून घ्यायला सांगितल्या: यूटीआर म्हणजे त्या बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक, पैसे पाठवल्याची तारीख, ज्या खात्यात पाठवले त्याचे शेवटचे चार आकडे आणि वापरलेला आयएफएससी. ‘पैसे आले का?’ एवढंच विचारलं तर उत्तर गोल गोल मिळतं. यूटीआर दिला की त्या व्यवहाराचं काय झालं ते नेमकं शोधता येतं. त्यांच्या बाबतीत चार आकडे ऐकताच उलगडा झाला, कारण ते बंद खात्याचे होते.

घाईघाईत त्यांनी मग पत्नीचा चेक पाठवला, कारण आजारी त्याच होत्या. तो नाकारला गेला. खर्चाचा परतावा रुग्णाला नाही, तर ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याला मिळतो. शेवटी स्वतःचं नाव छापलेला रद्द केलेला चेक, पॅन कार्डाची प्रत आणि ‘आधीची रक्कम परत गेली आहे, या खात्यात पुन्हा पाठवावी’ असं यूटीआरसह लिहिलेलं पत्र दिलं. कंपनीने आधी एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव तपासलं आणि मग पूर्ण रक्कम जमा झाली.

इथे बरेच जण थांबतात. दाव्यासाठी दिलेलं खातं बहुतेक वेळा त्या दाव्यापुरतंच लागतं आणि पॉलिसीवर जुनंच राहतं. पॉलिसीत कायमचा बदल हवा तर त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो आम्ही त्याच दिवशी भरून घेतला. बदल झाल्याचं पत्र, म्हणजे एंडॉर्समेंट, हातात आल्यावर त्यावरचा खाते क्रमांक आकडा-आकडा पडताळा. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरूनच जमा होते. एक आकडा चुकला आणि तो दुसऱ्या कोणाचा निघाला, तर पैसे परत फिरण्याऐवजी भलत्याच्याच खात्यात जातात.

सोलापूरकरांनी खास पाहावं असं

आपल्याकडे सहकारी बँका आणि पतसंस्थांमध्ये खातं असणारे खूप आहेत. पतसंस्था ही बँक नव्हे, तिला स्वतःचा आयएफएससी नसतो. तिथल्या बचत खात्याचा क्रमांक पॉलिसीवर देऊ नका. बँकेतलंच खातं द्या. छोट्या सहकारी बँकांपैकी काहींची एनईएफटी दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत चालते, म्हणून कोड अंदाजाने किंवा गूगलवरून न घेता शाखेकडूनच लिहून घ्या.

सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रद्द केला. पॉलिसीवर अजून तिथलं खातं असेल तर ते आजच बदला. आंध्रा, कॉर्पोरेशन, देना, विजया, अलाहाबाद, ओरिएंटल आणि युनायटेड या बँकाही २०१९-२० मध्ये मोठ्या बँकांत गेल्या. खाते क्रमांक तोच राहिला असला तरी कोड नवाच लागतो.

आयुर्विम्याच्या तीन-चार पॉलिसी असतील तर प्रत्येकीवरची नोंद वेगवेगळी तपासा. मुदतपूर्तीच्या पॉलिसीत तर हे फार गरजेचं आहे, कारण पंधरा-वीस वर्षांपूर्वी दिलेलं खातं आज चालू असेलच असं नाही. दहा वर्षांहून अधिक काळ कोणी न मागितलेली रक्कम कंपनीला ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत भरावी लागते. त्यानंतरही २५ वर्षांपर्यंत ती मागता येते, पण कागदपत्रांची दगदग वाढते. अशी रक्कम राहिली आहे का, ते प्रत्येक विमा कंपनीच्या वेबसाइटवर पॉलिसी क्रमांक आणि जन्मतारीख टाकून पाहता येतं.

योग्य कागद देऊनही कंपनी हलत नसेल, तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. कंपनीकडून उशीर झाला असेल तर बँक दरापेक्षा २ टक्के जास्त दराने व्याजही मागा. ते आपणहून मिळेलच असं नाही.

‘तुमचे पैसे परत आलेत, ओटीपी सांगा, लगेच सोडतो’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. परत गेलेली रक्कम सोडवायला कोणालाही फोनवर ओटीपी सांगावा लागत नाही आणि कसली फीही नसते.

खातं तपासायचं असेल तर पॉलिसी, सध्या वापरात असलेल्या खात्याचा नाव छापलेला चेक (नसेल तर शाखेच्या शिक्क्यासह पासबुकाचं पहिलं पान), पॅन आणि आधार घेऊन कार्यालयात या. अर्ज आम्ही भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही. वयस्कर मंडळींना जिने चढणं जमत नसेल तर फोन करा, आम्ही घरी येऊ.