विंचूदंश (नाशिक परिसर)

विंचूदंश : विंचवाने शेपटीच्या टोकावरील नांगीने त्वचेत विष सोडणे. बोलीत ‘विंचू चावला’ असे म्हणत असले, तरी विंचवाच्या तोंडाचा या क्रियेशी संबंध नसतो. दंशाची खूण बहुधा एखाद्या टाचणीच्या टोकाएवढी असते आणि पुष्कळदा ती सापडतही नाही. बहुतेक दंश वेदनेवरच संपतात. महाराष्ट्रात जिवावर बेततो तो प्रामुख्याने तांबड्या विंचवाचा दंश, आणि त्यातही लहान मुलांना झालेला. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याविषयी आहे.

नाव आणि ओळख. तांबड्या विंचवाचे शास्त्रीय नाव अनेकदा बदलले आहे. फॅब्रिसियस यांनी १७९८ मध्ये त्याचे वर्णन ‘स्कॉर्पिओ टॅम्युलस’ या नावाने केले. टॅम्युलस हे जातिनाम तमिळ प्रदेशावरून आले असावे. पुढे ही जाती ‘ब्यूथस’ प्रजातीत गेली. पोकॉक यांनी १९०० मध्ये हिंदुस्थानातील अष्टपादांवरील ग्रंथात तिचे प्रदेशवार प्रकारही मांडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वैद्यकीय लेखनात तिचे नाव बहुधा ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’ असे येते. कोवार्झिक यांनी २००७ मध्ये केलेल्या फेरमांडणीनंतर ‘हॉटेंटोटा टॅम्युलस’ हे नाव रूढ झाले असून येथे तेच ग्राह्य धरले आहे. जुना वैद्यकीय निबंध वाचताना ही सगळी नावे एकाच प्राण्याची आहेत हे लक्षात ठेवावे लागते. प्रदेशवार प्रकारांना आज फारसे महत्त्व दिले जात नाही. मात्र ठिकठिकाणच्या विंचवांच्या विषाची तीव्रता सारखी नसावी, ही शंका त्यामुळे मिटत नाही.

लोकवापरातील नावांतही एकवाक्यता नाही. ‘इंगळी’ म्हणजे कोणी मोठा काळा विंचू समजतात, तर कोणी ज्याच्या दंशाने फार आग होते असा कोणताही विंचू. काळा विंचू दिसायला दांडगा असला तरी त्याच्या दंशाने सहसा फक्त वेदना होते. रंगापेक्षा अवयव पाहणे बरे : काळ्याचे पुढचे पकडीचे आकडे जाड आणि शेपटी बारीक असते, तांबड्याचे आकडे किडकिडीत आणि शेपटी जाड असते. तांबडा विंचू प्रत्यक्षात पिवळसर ते गडद तपकिरी कसाही असू शकतो, आणि त्याची पिल्ले फिकट असतात. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण निरीक्षणाला धरून आहे. मादी नवजात पिल्ले पहिली कात टाकेपर्यंत पाठीवर वागवते.

आढळ. नाशिक जिल्ह्यात विंचवाला लपायला जागांची वाण नाही. पश्चिमेकडे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागात कुडाच्या भिंती, कौले आणि सरपणाचे ढीग. पूर्वेकडे सिन्नर, चांदवड, येवला, मालेगावकडे दगडी बांध आणि गोवऱ्यांचे उडवे. उन्हाळी कांदा चाळीत भरला की चाळीखालची कोरडी, काळोखी आणि किड्यांनी भरलेली जागा विंचवाला आयतीच मिळते. विंचू रात्री बाहेर पडतो. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसाच्या सुमारास दंश अधिक होतात. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला आलेल्या कुटुंबांची मुले खोपटात जमिनीवरच निजतात, हेही या संदर्भात नोंदवले पाहिजे.

विषाचा परिणाम. हे विष रक्त गोठवत नाही की मांस सडवत नाही, त्यामुळे सापाच्या विषावरून केलेले अंदाज येथे चुकतात. मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमच्या ये-जा करण्याच्या वाटा असतात. विषातील लहान प्रथिने त्या उघड्याच ठेवतात, तर पोटॅशियमच्या काही वाटा अडवतात. परिणामी तंतू एकदा पेटला की विझत नाही आणि शरीराचे स्वयंचलित नियंत्रण बेभान होते. सुरुवातीला उलट्या, लाळ, दरदरून घाम आणि मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता येते. हे शेवटचे लक्षण संकोचामुळे घरचे सांगत नाहीत, पण निदानाला ते फार मोलाचे आहे. त्यानंतर ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटतात. हातपाय गार पडतात, नाडी धावते, रक्तदाब चढतो. आकसलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय दमते आणि फुप्फुसांत पाणी भरते. मृत्यू बहुधा याच टप्प्यावर येतो.

फुप्फुसात पाणी का भरते याविषयी मतभेद होते. मुंडले यांनी १९६१ मध्ये विंचूदंशानंतरच्या या अवस्थेकडे लक्ष वेधले. विष थेट हृदयाच्या स्नायूला इजा करते असे काहींचे मत होते, तर राधाकृष्ण मूर्ती यांनी इन्शुलिनच्या तुटवड्यावर भर देऊन इन्शुलिन-ग्लुकोजचा उपचार सुचवला. रायगड जिल्ह्यातील महाड येथे काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८२ पासून धोक्याची पूर्वलक्षणे मांडली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबाचे स्वस्त औषध वापरात आणले. आज हाच मार्ग सर्वाधिक ग्राह्य मानला जातो. प्रतिविषाचे स्थान मात्र दीर्घकाळ वादग्रस्त राहिले. रक्तात एकदा उसळलेले ॲड्रेनॅलिन प्रतिविषाने मागे घेता येत नाही, हा त्यावरील आक्षेप रास्त आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि प्रतिविष मिळून दिल्यास रुग्ण लवकर बरे झाले. यावरून प्रतिविष लवकर मिळाले तर द्यावे, पण त्याची वाट पाहत प्राझोसिन लांबवू नये, असे म्हणता येईल.

वेदनेची दिशाभूल. जागेवर असह्य कळ, दंशाच्या ठिकाणी बोटाने टिचकी मारताच रुग्ण हात झटकतो, पण अंग कोरडे आणि ऊबदार. असा रुग्ण बहुधा सुरक्षित असतो. उलट विष अंगभर पसरून वर सांगितलेले वादळ उठले की जागेवरची कळ पुष्कळदा कमी जाणवते किंवा नाहीशी होते. उपचार लागू पडून रुग्ण सुधारू लागला की ती परत येते.

विंचू उतरवण्याच्या प्रथेचा धोका नेमका येथे आहे. चिंचोका दगडावर घासून दंशावर चिकटवणे, कांद्याचा रस लावणे, मंत्र घालणे यांनी ‘गुण येतो’, कारण बहुसंख्य दंशांची कळ काही तासांत आपोआप ओसरते. तांबड्या विंचवाच्या दंशात मात्र रडणारे मूल गप्प झाले, म्हणजे ‘विंचू उतरला’ असे समजून घरचे निर्धास्त होतात, तेव्हाच कदाचित त्याचे हात गार पडू लागलेले असतात.

लहान मुलांना अधिक धोका का? विंचू माणूस पाहून विष मोजत नाही. ६० किलोच्या माणसात आणि १२ किलोच्या मुलात तेवढेच विष गेले, तर मुलाच्या वाट्याला दर किलोमागे पाचपट विष येते. म्हणूनच प्रतिविषाची मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे कमी करत नाहीत, कारण मारायचे विष तेवढेच असते. प्राझोसिन मात्र वजनावर, दर किलोला ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने देतात. १२ किलोच्या मुलाला ३६० मायक्रोग्रॅम. शिवाय मुलाच्या हृदयाची राखीव ताकद थोडी, आणि उलट्या व घाम यांनी अंगातले पाणी झपाट्याने घटते. त्याहून मोठी अडचण ही की तीन वर्षांच्या मुलाला काय झाले ते सांगता येत नाही.

उदाहरणादाखल असा प्रसंग घेऊ. चांदवडकडील वस्तीवर रात्री नऊच्या सुमारास पडवीत गोधडीवर निजलेले तीन वर्षांचे मूल किंचाळून उठते. कोणालाच काही दिसत नाही. ‘मुंगी चावली असेल’ म्हणून आजी थोपटते. साडेनऊला ते दोनदा ओकते. बाधले असेल असे वाटते. पण कपाळ आणि मान घामाने भिजलेली आहे, तळहात गार आहेत आणि रडून रडून मूल आता मलूल झाले आहे. अचानक आकांत, मग उलटी, घाम आणि गार हातपाय ही लक्षणे या क्रमाने आली की विंचू सापडला नाही तरी विंचूदंशच धरून निघावे. खोकला, धाप, तोंडाला गुलाबी फेस या पुढच्या पायऱ्या असून त्या अर्ध्या तासात येऊ शकतात किंवा काही तासांनी.

घरातील प्रथमोपचार. घरात करण्यासारखे थोडे असते आणि त्याला पाच मिनिटे पुरतात. गोधडी झटकून विंचू अजून तेथेच नाही ना हे पाहावे, आणि घड्याळातली वेळ ध्यानात ठेवावी. जागा साबण-पाण्याने धुवावी. हातातले कडे, दोरा, पायातले वाळे काढावे. बर्फ असल्यास फडक्यात गुंडाळून दहा मिनिटे धरावा, थेट त्वचेवर ठेवू नये. ओकारी नसेल तर वेदनेसाठी पॅरासिटामॉल, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चालते. शुद्धीवर असलेल्या आणि न ओकणाऱ्या मुलाला घोट घोट पाणी द्यावे. ओकत असेल तर कुशीवर ठेवावे, आणि धाप लागली असेल तर डोके-छाती उंच धरून मांडीवर घ्यावे.

आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, तोंडाने ओढणे, डाग देणे, पोटॅशियम परमँगनेट भरणे यांनी विष निघत नाही. जखम मात्र होते. घरातील कोणाच्या रक्तदाबासाठी आणलेले प्राझोसिन मुलाला आपल्या मनाने देऊ नये. रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णालयातही ते दिल्यावर मुलाला आडवेच ठेवतात, कडेवर उभे धरू देत नाहीत. सहा वर्षांखालील मुलाला लक्षणे दिसण्याची वाट न पाहता न्यावे, हे या नोंदकाराचे मत. मोठ्याच्या बाबतीत नुसती कळ असेल तर थोडे थांबून पाहता येते. १०८ ला कळवावे. रुग्णवाहिकेला उशीर लागणार असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये मूल धरून निघावे आणि आधी फोन करून प्राझोसिन आहे का हे विचारावे. ते जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाले, तर पहिली मात्रा तेथे घेऊनच ग्रामीण रुग्णालयाकडे जावे. मेलेला विंचू सोबत नेण्याची गरज नाही, उपचार लक्षणांवरून ठरतो. पहिल्या मात्रेनंतर साधारण तीन तासांनी दुसरी देतात, आणि सुधारणा दिसली तरी मुलाला सहसा एक दिवस देखरेखीखाली ठेवतात.

प्रतिबंध. जमिनीऐवजी खाटेवर निजणे, खाट भिंतीपासून हातभर लांब ठेवणे, सरपण आणि गोवऱ्या पडवीबाहेर रचणे, चप्पल झटकून घालणे. विंचवाचे अंग अतिनील प्रकाशात हिरवट-निळे चमकते, त्यामुळे तशी साधी बॅटरी रात्री कांदाचाळीत किंवा अंथरुणाभोवती फिरवली तर तो चटकन दिसतो. नुकतीच कात टाकलेला मात्र तितका चमकत नाही.