सजीव द्वितीया (रशियन व्याकरण)

रशियन भाषेत कर्माची द्वितीया लावताना ते नाम सजीव मानले जाते की निर्जीव, हे आधी पाहावे लागते. व्यंजनाने संपणारे पुल्लिंगी नाम माणसाचे किंवा प्राण्याचे असेल, तर त्याचे द्वितीयेचे रूप षष्ठीसारखे होते. वस्तूचे असेल, तर प्रथमेचेच रूप राहते. ‘टेबल पाहतो’ म्हणताना ‘स्तोल’ हा शब्द तसाच राहतो. ‘विद्यार्थ्याला पाहतो’ म्हणताना मात्र ‘स्तुदेंत’चे ‘स्तुदेंता’ होते, आणि ‘विद्यार्थ्याचा’ या अर्थीही हेच रूप वापरतात. सोबतचे विशेषणही त्याप्रमाणे बदलते. अनेकवचनात हा भेद स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी नामांनाही लागू होतो.

याचे मूळ ध्वनिबदलात आहे. प्राचीन स्लाव्हिकमध्ये शब्दांच्या शेवटचे ध्वनी गळाले आणि अशा पुल्लिंगी नामांची प्रथमा व द्वितीया सारखी दिसू लागली. शब्दक्रम मोकळा असल्याने ‘बाप’, ‘मुलगा’ आणि ‘पाहिले’ एवढ्यावरून कोणी कोणाला पाहिले ते कळेना. मग कर्मासाठी षष्ठीचे रूप उसने घेतले गेले: आधी माणसांसाठी, प्राण्यांसाठी नंतर. जुन्या रूपाची खूण ‘झामुझ’ या शब्दात उरली आहे. स्त्रीने लग्न करण्याच्या संदर्भात येणाऱ्या या शब्दात ‘मुझ’ म्हणजे नवरा. आजच्या नियमाने तिथे ‘मुझा’ हवे होते.

मराठी अनुवादकाला हे ओळखीचे वाटते आणि तिथेच तो फसतो. आपल्याकडेही ‘पुस्तक पाहिले’ पण ‘मुलाला पाहिले’ असा फरक आहे. मात्र मराठीतला ‘ला’ कर्म ठरावीक आहे का, यावरही अवलंबून असतो. ‘मी डॉक्टर शोधतोय’ म्हणजे कोणीही डॉक्टर; ‘डॉक्टरांना शोधतोय’ म्हणजे ओळखीचे, ठरलेले. रशियनमध्ये दोन्ही वाक्यांत ‘व्राच’चे ‘व्राचा’च होते. ‘बैल विकला’ यातही ‘ला’ नाही, म्हणून रशियनमध्ये प्रथमेचे रूप ठेवले तर वाक्य सरळ चुकते. तेव्हा मराठी वाक्यातल्या ‘ला’कडे न पाहता रशियन नामाकडे पाहायचे.

त्या नामाचा वर्गही जीवशास्त्राने ठरत नाही. ‘मेर्त्वेत्स’ म्हणजे मेलेला माणूस, आणि तो व्याकरणात सजीव. ‘त्रूप’ म्हणजे प्रेत, ते निर्जीव. ‘नारोद’ म्हणजे लोक, पण समूहवाचक म्हणून निर्जीव. मार्स हा देव असेल तर द्वितीयेत ‘मार्सा’, आकाशातला ग्रह असेल तर नुसता ‘मार्स’. विषाणूंच्या बाबतीत तर खुद्द रशियन लेखकांतच दोन्ही रूपे चालतात.

बुद्धिबळाचे एक वाक्य घेऊ: ‘त्याने उंट देऊन हत्ती मारला आणि मग वजिरांची अदलाबदल केली.’ आपला उंट रशियनमध्ये ‘स्लोन’, म्हणजे शब्दशः हत्ती. लाकडाचा असला तरी तो सजीव, म्हणून ‘उंट दिला’मध्ये रूप ‘स्लोना’. आपला हत्ती तिकडे ‘लाद्या’, म्हणजे होडी. स्त्रीलिंगी शब्द असल्याने एकवचनात ‘लाद्यू’, आणि इथे सजीव-निर्जीव भेद दिसतच नाही. वजीर म्हणजे ‘फेर्झ’, तोही सजीव, म्हणून दोन वजिरांच्या अदलाबदलीत ‘फेर्झेय’ हे षष्ठीसारखे अनेकवचन येते. त्याच जागी हत्तींची अदलाबदल असती, तर मात्र प्रथमेसारखे ‘लाद्यी’ आले असते, कारण होडी ही वस्तूच. एकाच पटावरच्या दोन मोहऱ्यांना दोन नियम! मराठीवरून शब्दशः जाणारा इथे मोहराही चुकवतो आणि शेवटही.

‘पापा’, म्हणजे बाबा, या शब्दाची अडचण निराळी. अर्थाने पुल्लिंगी असूनही तो स्त्रीलिंगी नामांसारखा चालतो, म्हणून द्वितीयेत ‘पापू’ होतो. सजीवपणा दिसतो तो सोबतच्या शब्दात: ‘माझ्या बाबांना’ म्हणजे ‘मोयेवो पापू’. यात ‘मोयेवो’ षष्ठीसारखे, ‘पापू’ मात्र नाही. शेवट जुळवण्याच्या नादात ‘पापी’ असे खरेखुरे षष्ठीचे रूप लिहिले, तर चूक होते.

शंका आली की अनुवादक रशियन भाषाशास्त्रज्ञ आंद्रेय झालिझ्न्याक यांचा 1977 चा व्याकरणकोश उघडतात. त्यात निर्जीव पुल्लिंगी नामापुढे ‘म’ आणि सजीवापुढे ‘मो’ अशी खूण असते. दोलायमान शब्दांसाठी रशियन भाषेच्या राष्ट्रीय कॉर्पसमध्ये, म्हणजे खऱ्या मजकुरांच्या संग्रहात, प्रत्यक्ष वाक्ये शोधता येतात. शोधताना नकारार्थी वाक्ये बाजूला ठेवावी लागतात. रशियनमध्ये ‘टेबल दिसत नाही’ म्हणतानाही कर्म षष्ठीत जाऊ शकते आणि ‘स्तोला’ असे रूप येते. तेवढ्यावरून टेबल सजीव ठरत नाही.