‘वू-वेई’: दोन अक्षरं आणि भाषांतराचा जुना वाद

ताओ या प्राचीन चिनी विचारातल्या ‘वू-वेई’चं मराठीत सर्रास ‘काही न करणं’ असं भाषांतर केलं जातं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ‘वू’ म्हणजे नसणं. ‘वेई’ म्हणजे करणं, पण त्यात बनवणं, घडवून आणणं याही छटा आहेत. त्यामुळे नकार नेमका कशाला आहे, कृतीला की कृतीतल्या ओढाताणीला, हे अक्षरांवरून कळत नाही. म्हणूनच जुन्या ग्रंथकारांनी व्याख्या करण्याऐवजी गोष्टी सांगितल्या असाव्यात.

सर्वांत प्रसिद्ध गोष्ट एका आचाऱ्याची आहे. तो राजासमोर बैल कापतोय आणि सुरीचा आवाज एखाद्या नाचाच्या ठेक्यासारखा येतोय. राजा कौतुक करतो, तेव्हा आचारी हिशेब मांडतो: साधा आचारी दर महिन्याला सुरी बदलतो, कारण तो हाडावर घाव घालतो. चांगला आचारी वर्षाला बदलतो, कारण तो मांस कापतो. माझी सुरी १९ वर्षं जुनी आहे, हजारो बैल कापून झाले, तरी धार आताच दगडावर लावल्यासारखी. कारण सांध्यांत फट असते आणि धारेला जाडी नसते. जाडी नसलेली वस्तू फटीत घातली की तिला फिरायला भरपूर जागा मिळते.

इथवरचा भाग सगळे सांगतात, पुढचा बहुतेक जण गाळतात. आचारी म्हणतो, जिथे शिरा-स्नायूंचा गुंता येतो तिथे मी सावध होतो, नजर रोखतो, हात अगदी हळू करतो आणि सुरी जराशीच हलवतो. मग मातीचं ढेकूळ पडावं तसं मांस सुटतं. त्यानंतर तो सुरी पुसून ठेवतो. म्हणजे ‘सहज’ याचा अर्थ बेफिकीर नाही. सुरी बोथट होऊ लागली, तर आपण फट सोडून हाडाशी भांडतोय, हे ओळखायचं. या गोष्टीत चूक मोजायचं माप इतकं साधं आहे.

उलट टोकाची गोष्ट सोंग राज्यातल्या शेतकऱ्याची. रोपं लवकर वाढत नाहीत म्हणून तो एकेक रोप धरून वर ओढतो आणि घरी येऊन सांगतो, ‘आज दमलो, रोपांना वाढायला मदत केली.’ मुलगा शेतावर धावतो, तर सगळी रोपं सुकलेली. गंमत म्हणजे ही गोष्ट ताओ ग्रंथातली नसून विरोधी मानल्या गेलेल्या कन्फ्युशियन परंपरेतली आहे. तिथे लगेच दुसरी चूकही नोंदवली आहे: मदतीचा उपयोग नाही असं समजून जो खुरपणीच करत नाही, तोही चुकतोच. नवख्या वाचकासाठी वू-वेईची मर्यादा यापेक्षा नीट कुठे दिसत नाही. तण काढायचं, पण रोप ओढायचं नाही.

समतोलाची कल्पना माकडांच्या गोष्टीत येते. पाळणारा म्हणतो, सकाळी तीन आणि संध्याकाळी चार फळं देईन. माकडं चिडतात. बरं, सकाळी चार आणि संध्याकाळी तीन? माकडं खूश. एकूण सातच. पाळणाऱ्याने फक्त क्रम माकडांच्या कलाने लावला, स्वतःचं काही गमावलं नाही. मूळ ग्रंथ याला जे नाव देतो, त्याचा अर्थ अनेक भाष्यकार ‘आकाशाचं कुंभारचाक’ असा लावतात: चाक फिरत राहतं, मधला बिंदू स्थिर राहतो. आजच्या चिनी बोलण्यात मात्र ‘सकाळी तीन, संध्याकाळी चार’ हा वाक्प्रचार धरसोड करणाऱ्या माणसासाठी वापरतात. मूळ गोष्टीतला पाळणारा तर अजिबात धरसोड्या नाही.

या गोष्टी साधारण इसवी सनापूर्वीच्या चौथ्या ते दुसऱ्या शतकातल्या ग्रंथांत आहेत. हान राजवटीच्या आरंभी वू-वेई हे सरकारी धोरणच झालं. कायदे फार बदलायचे नाहीत, शेतसारा पंधराव्या भागावरून तिसाव्या भागावर आणायचा, लोकांना सावरू द्यायचं. शेती सावरली. पण प्रांतांतल्या राजांनाही अनेक वर्षं मोकळं सोडलं होतं. मग त्यांची जमीन काढून घ्यायला सुरुवात होताच इ.स.पू. १५४ मध्ये सात राज्यांनी बंड केलं. खुरपणी राहून गेली होती, असं म्हणायला हरकत नाही.

खरा गुंता पुढे झाला आणि त्यात आपल्याकडचे शब्द अडकले. बौद्ध ग्रंथ चिनीत येऊ लागले तेव्हा भाषांतरकारांनी तयार ताओ शब्द उचलले. ‘निर्वाण’साठी काही जुन्या भाषांतरांत चक्क ‘वू-वेई’ आहे. नंतर तोच शब्द संस्कृतातल्या ‘असंस्कृत’साठी पक्का झाला. हा मराठीतला अडाणी या अर्थाचा ‘असंस्कृत’ नव्हे. बौद्ध शास्त्रात जे कारणांनी जुळवून घडवलेलं नाही, ते असंस्कृत. आचाऱ्याच्या हातातलं कौशल्य आणि कार्यकारणापलीकडचं निर्वाण, दोन्हींना एकच नाव मिळालं.

याचं बिल सातव्या शतकात आलं. कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसामच्या, राजाने ताओ ग्रंथ संस्कृतात मागितल्याचं चिनी दूताने कळवलं. इ.स. ६४७ मध्ये सम्राटाने हे काम नालंदेत शिकून परतलेल्या नामवंत भिक्षूवर सोपवलं आणि मदतीला तीसेक ताओ पंडित दिले. अडलं पहिल्याच महत्त्वाच्या शब्दावर. ‘ताओ’ला संस्कृतात काय म्हणायचं? पंडितांना ‘बोधी’ हवं होतं, कारण चिनीत ‘बोधी’चं भाषांतर ‘ताओ’ असं शतकानुशतकं होत आलं होतं. भिक्षू म्हणाला, नाही, ‘मार्ग’. बोधी म्हणजे जाग येणं, ताओ म्हणजे वाट. दोन्ही एक मानले, तर भारतीय वाचक हसतील.

पंडित अर्थ सांगताना बौद्ध तर्कग्रंथांचे दाखले देत होते, तेही त्याने थांबवलं. ज्यांच्या मूळ कल्पनाच वेगळ्या, त्यांच्या शब्दांनी तुमचं पुस्तक का समजावता, असा त्याचा सवाल होता. ग्रंथाची प्रस्तावना भाषांतरित करायलाही त्याने नकार दिला. तिच्यात दातांवर दात आपटणं आणि लाळ गिळणं असे आरोग्याचे विधी होते.

ही हकिकत बौद्ध लेखकानेच लिहून ठेवली असल्याने तिच्यात पंडित जरा जास्तच बावळट दिसतात. त्यांची बाजू इतकी पोकळ नव्हती. सरमिसळ त्यांनी सुरू केली नव्हती. बौद्ध भाषांतरकारांनी उसने नेलेले शब्दच ते परत मागत होते. तरीही ‘मार्ग’ हाच शब्द बरोबर होता. त्या संस्कृत भाषांतराची प्रत आज हाती नाही.

मराठीत तोच वाद नव्या शब्दांनी चालू आहे. ‘निष्काम कर्म’ म्हटलं की वाचक थेट गीतेत पोचतो. पण गीतेचा भर फळाची आस सोडण्यावर आहे, तर आचाऱ्याला मांस सुटायला हवंच आहे. ‘निष्क्रियता’ तर शेतात तण वाढू देणाऱ्याची. ‘सहजकर्म’ त्यातल्या त्यात जवळचं, पण त्यात शिकण्याचा काळ दिसत नाही. सुरुवातीला मला अख्खा बैल दिसायचा, असं आचारी सांगतो, आणि तो तसा दिसेनासा व्हायला तीन वर्षं लागली.