तीन महिन्यांसाठी पैसे ठेवायचेत? ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलासाठी अर्ज असा करा

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने कोथरूडचा फ्लॅट विकला. बाणेरच्या नव्या फ्लॅटचा पुढचा हप्ता साधारण चार महिन्यांनी होता आणि हातात दहा लाख मोकळे होते. बचत खात्यात ठेवले तर व्याज नगण्य, शेअरमध्ये घालायची छाती नाही. अशा पैशासाठी सरकारचं ट्रेझरी बिल, म्हणजे टी-बिल, हा सरळ मार्ग आहे. सरकार थोड्या मुदतीसाठी उसने पैसे घेतं, त्याचा हा कागद.

बँकांची सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट आणि कंपन्यांचे कमर्शियल पेपर याच जातीचे, पण दोन्हींत किमान रक्कम पाच लाख. शिवाय कमर्शियल पेपरमागे सरकार नसून कंपनीची पत असते, म्हणजे रेटिंग वाचता आलं पाहिजे. घरच्या हप्त्याचे पैसे तिथे ठेवू नयेत, असं माझं मत. टी-बिल दहा हजारांपासून आणि दहा हजारांच्या पटीत मिळतं.

अर्ज रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेतून करायचा. ही योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. संकेतस्थळ: rbiretaildirect.org.in. खातं व्यक्तीलाच उघडता येतं, एकट्याने किंवा संयुक्त. परकीय चलनाच्या फेमा कायद्याच्या नियमांत बसणारे अनिवासी भारतीयही पात्र आहेत. सोसायटीचे खजिनदार सिंकिंग फंडासाठी हमखास विचारतात. सोसायटीला हे खातं मिळत नाही.

लागतं ते असं: पॅन, भारतातलं बचत खातं, केवायसीसाठी आधारसारखा अधिकृत पुरावा, चालू मोबाइल नंबर आणि ईमेल. सहीचा फोटो आणि रद्द केलेला चेक हाताशी ठेवा. नॉमिनीची माहिती भरावीच लागते. खातं उघडायला किंवा चालवायला शुल्क नाही. पेमेंट गेटवेचा खर्च असेल तर तो आपला. अर्ज अडकतो तो बहुतेकदा नावाच्या स्पेलिंगवर. पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण आणि बँकेत नुसतं आद्याक्षर, असा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. आधी तिन्ही ठिकाणची नावं जुळवून घ्या, मग फॉर्म भरा.

आता वेळेचं गणित. टी-बिलांचा लिलाव सहसा बुधवारी होतो आणि बिल गुरुवारी खात्यात जमा होतं. मुदती तीन: ९१, १८२ आणि ३६४ दिवस. तिन्ही आकड्यांना सातने भाग जातो, त्यामुळे गुरुवारी घेतलेलं बिल गुरुवारीच पिकतं. रिटेल खात्यांची बोली लिलावाच्या आधीच बंद होते. पोर्टलवर वेळ दाखवलेली असते, पण शेवटच्या तासावर विसंबू नका. आठवड्यात सुट्टी असेल तर वारही सरकतो.

बोली लावताना दर सांगायचा नसतो, फक्त दर्शनी रक्कम, म्हणजे मुदतीला मिळणारी रक्कम, भरायची. मोठ्या बोलीदारांच्या लिलावातून जी भारित सरासरी किंमत निघते, तीच आपल्याला लागू होते. एका बिलासाठी एकच बोली चालते. किंमत आधी माहीत नसल्याने पोर्टल थोडी जास्त रक्कम घेतं आणि उरलेली परत करतं. पैसे नेटबँकिंगने किंवा यूपीआयने भरता येतात. रक्कम मोठी असेल तर यूपीआयची मर्यादा आधी तपासा. पेमेंट अर्धवट राहिलं तर बोली धरली जात नाही.

टी-बिलावर व्याज नसतं. ते सवलतीत मिळतं आणि मुदतीला दर्शनी रक्कम हातात येते. दहा लाखांच्या बिलाचा हिशेब समजा वार्षिक साडेपाच टक्क्यांनी केला, तर:

```
100 / (1 + 0.055 × 91/365) = 98.647
```

म्हणजे आज सुमारे ९,८६,४७३ रुपये जातात आणि ९१ दिवसांनी दहा लाख येतात. फरक १३,५२७ रुपयांचा. दर त्या आठवड्याच्या लिलावात ठरतो, त्यामुळे हा आकडा नमुन्यापुरताच समजा. टीडीएस कापला जात नाही, पण हा फरक उत्पन्नात धरून आपल्या स्लॅबप्रमाणे कर भरावा लागतो. कापलं नाही म्हणून विसरून जाणारे मी पाहिलेत.

पैसे मुदतीला जोडलेल्या बचत खात्यात आपोआप येतात. खरी चूक मुदत निवडताना होते. एफडी मोडता येते, थोडा दंड बसतो. टी-बिल आधी हवं असेल तर दुय्यम बाजारात विकावं लागतं, आणि तिथे दहा-वीस हजारांच्या छोट्या रकमेला घेणारा लगेच मिळेलच असं नाही. मिळाला तरी किंमत तो सांगेल ती. म्हणून हप्त्याच्या तारखेपासून तेरा आठवडे मागे मोजा आणि आणखी एक आठवडा सोडा. बिल्डरचं डिमांड लेटर बिल पिकण्याच्या गुरुवारच्या आधी येण्याची शक्यता असेल तर पूर्ण दहा लाख यात घालू नका. त्या जोडप्याने सात लाखांचं बिल घेतलं आणि तीन लाख बँकेतच ठेवले.