फक्त लोगोचा रंग बदला, बाकीच्याला हात नको

आमच्याकडे येणाऱ्या डिझाइनच्या दर चार-पाच कामांत एकदा हे वाक्य ऐकू येतं. ऐकायला दोन मिनिटांचं काम वाटतं आणि फाइल बरोबर असेल तर खरोखरच तेवढंच असतं. पण फाइल कशी आली आहे त्यावर हे काम दोन मिनिटांचं ठरतं की अर्ध्या दिवसाचं. रंगबदलाला आम्ही कधी काहीच घेत नाही आणि कधी वेगळे पैसे का सांगतो, हे त्यातूनच समजेल. म्हणून हे पत्रक.

उदाहरण पिंपळगाव बसवंतच्या एका ग्राहकाचं घेऊ. पाव किलो बेदाण्याच्या पाकिटाचं लेबल होतं. वर हिरव्या अक्षरांत लोगो, खाली हिरव्या द्राक्षांचा घड, सोबत पिवळी किनार, क्रीम रंगाची पार्श्वभूमी आणि कोपऱ्यात शाकाहाराची खूण, म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. मुलाने धंदा हातात घेतला आणि त्याला लोगो मरून हवा होता. बाकी सगळं जसंच्या तसं. फाइल आली व्हॉट्सअ‍ॅपवर, साध्या फोटोसारखी.

आमच्याकडे तेव्हा नवीन लागलेल्या मुलाने ती फोटोशॉपमध्ये उघडली, Ctrl+U दाबून Hue/Saturation ची खिडकी आणली आणि Hue ची पट्टी सरकवली. लोगो मरून झाला. द्राक्षं मात्र जांभळी झाली आणि पिवळी किनार निळसर जांभळी. आणि शाकाहाराचा हिरवा ठिपकासुद्धा मरून! या शेवटच्या गोष्टीला आम्ही अजून घाबरतो. अन्नपदार्थांच्या लेबलवर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी आणि तपकिरी खूण म्हणजे मांसाहारी, हे सगळ्यांना माहीत आहे. (आता मांसाहाराची खूण त्रिकोणी असते, जुन्या पाकिटांवर तोही ठिपकाच असायचा.) मरून ठिपक्याचे बेदाणे दुकानात गेले असते तर काय झालं असतं, याचा विचार न केलेलाच बरा.

असं होतं, कारण संगणक रंगांना एका वर्तुळावर अंशांमध्ये मोजतो. लाल शून्यावर, पिवळा ६० वर, हिरवा १२०, निळा २४०. त्या लोगोचा हिरवा होता #2E8B3A, म्हणजे वर्तुळावर १२८ च्या आसपास. हवा असलेला मरून #7A1F3D, तो ३४० वर. १२८ वरून ३४० ला जायचं म्हणजे उलट्या दिशेने १४८ अंश मागे, म्हणून Hue मध्ये -148. पण ही पट्टी एका वस्तूला ओळखत नाही, ती अख्खं वर्तुळच फिरवते. ८० अंशांवरची द्राक्षं २९२ वर गेली, ५० वरची किनार २६२ वर. पांढरा, काळा आणि करडा यांना वर्तुळावर जागाच नाही, त्यामुळे बारकोड आणि वजनाची काळी अक्षरं तशीच राहिली. गंमत अशी की घाईत बघणाऱ्याला त्यामुळेच वाटतं, ‘बाकी सगळं ठीक आहे की!’

आता मूळ फाइल असती, म्हणजे लोगो, घड, किनार वेगवेगळ्या लेयरवर, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर, असलेली फोटोशॉपची PSD फाइल, तर काय केलं असतं ते बघा. लोगोच्या लेयरवर Hue/Saturation चा अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकायचा. तो नुसता टाकला तर स्वतःच्या खालच्या सगळ्या लेयरना रंग लावतो. म्हणून त्याला लोगोला ‘क्लिप’ करायचं: Ctrl+Alt+G, किंवा Alt धरून दोन लेयरच्या मधल्या रेषेवर क्लिक. अ‍ॅडजस्टमेंटच्या नावाआधी खाली वाकलेला छोटा बाण दिसला की तो फक्त लोगोपुरता बांधला गेला. लोगो दोन-तीन लेयरचा असेल तर त्यांचा ग्रुप करायचा आणि इथे एक सापळा आहे. ग्रुपचा ब्लेंडिंग मोड मुळात Pass Through असतो. त्याचा अर्थ, आतली अ‍ॅडजस्टमेंट ग्रुपच्या बाहेर, खालच्या लेयरवरही उतरते. तो Normal केला की रंग ग्रुपच्या भिंतीत राहतो. ‘मी ग्रुपमध्येच टाकलं होतं, तरी द्राक्षं बदलली’ ही तक्रार इतर डिझायनरांकडूनही ऐकली आहे. कारण जवळजवळ नेहमी हेच.

एकसलग रंगाचा लोगो असेल तर Hue ची भानगडच नको, सरळ रंग भरून टाकावा. छाया, चमक असलेल्या लोगोलाच Hue लागतो, कारण त्यात उजेड-अंधार तसाच राहतो.

कोरल ड्रॉमध्ये काम आलं तर आणखी सोपं, असं लोकांना वाटतं. आहेही. लोगो निवडायचा आणि नवा रंग द्यायचा, संपलं. पण घाईत कुणी ‘हा हिरवा शोध आणि सगळीकडे तो मरून कर’ अशी आज्ञा दिली, तर तोच हिरवा वापरलेला शाकाहाराचा ठिपकाही निमूटपणे मरून होतो. म्हणजे चूक तीच, फक्त रस्ता वेगळा. आम्ही ठिपका आणि बारकोड आधी लॉक करून ठेवतो, मग रंगाकडे जातो.

आता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या फोटोकडे परत. लेयर नाहीत, सगळं एकाच कागदावर रंगवल्यासारखं. मग मास्क लागतो, म्हणजे कुठे रंग बदलायचा आणि कुठे नाही याचा पडदा. अक्षर न् अक्षर काटेकोर कापत बसलं तर दोन गोष्टी होतात. कापणी आत घेतली तर अक्षरांभोवती हिरवी बारीक रेघ उरते. बाहेर घेतली तर क्रीम पार्श्वभूमीचा काठ फिकट जांभळट होतो. आम्ही वेगळं करतो. लोगोभोवती ढोबळ चौकोन निवडायचा, तो निवडलेला असतानाच Hue/Saturation चा अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकायचा (मास्क आपोआप तयार होतो), आणि मग त्या खिडकीत Master ऐवजी Greens निवडायचं. आता फोटोशॉप फक्त हिरव्याला हात लावतो: १०५ ते १३५ अंशांवर पूर्ण, तिथून ७५ आणि १६५ पर्यंत हळूहळू कमी. क्रीम पिवळ्याच्या बाजूला असल्यामुळे सुटतो आणि चौकोन ढोबळ असला तरी चालतो. अक्षरांच्या काठाचे ठिपके हिरवा आणि क्रीम मिसळून पोपटी झालेले असतात. ते राहून गेले तर ७५ ची खूण थोडी पिवळ्याकडे ओढायची. जरा जास्त ओढली की क्रीम जांभळट व्हायला लागतो, तिथेच थांबायचं. मग Saturation आणि Lightness नजरेने जुळवायचं, कारण Hue -148 ने रंगाची जात बदलते, गडदपणा नाही. आमच्या या मरूनसाठी लोगो थोडा काळपट करावा लागला.

या पद्धतीची मर्यादा सरळ आहे. लोगोचं एखादं अक्षर द्राक्षांच्या अंगावरून जात असेल तर हिरव्यात हिरवा मिसळला, तिथे हाताने मास्क रंगवण्याशिवाय इलाज नाही. अर्धा दिवस जातो तो याच कामात.

जेपीजीची आणखी एक कटकट. जागा वाचवण्यासाठी बहुतेक जेपीजी फायली उजेड पूर्ण तपशिलात ठेवतात, पण रंग उंचीत आणि रुंदीत निम्म्यावर आणतात. त्यामुळे लोगोचा हिरवा अक्षरांच्या बाहेर क्रीममध्ये सांडलेला असतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण अक्षर मरून झालं की भोवती हिरवट धूर दिसतो. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना पुन्हा दाबतं, तेव्हा हा धूर वाढतो. म्हणून फाइल फोटोसारखी न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल जशी आहे तशी येते. जुन्या डिझायनरकडे मूळ फाइल, म्हणजे CDR, AI किंवा PSD, मागून घ्या. देताना तो कुरकुर करेल, तरी मागा.

वेबसाइटच्या बटणाचं काम आलं तरी गोष्ट अशीच असते. हल्ली साइटवर एकच रंग एका नावाने ठेवतात आणि तेच नाव मथळ्याला, लिंकला, बटणाला लावतात. त्या नावापुढचा रंग बदलला की सगळं बदलतं. एकच बटण बदलायचं असेल तर मूळ नावाला हात न लावता त्या बटणालाच रंग द्यावा:

```
.order-btn {
  background-color: #7A1F3D;
}
```

मात्र बटणावर बोट किंवा माउस नेल्यावर दिसणारा रंग बहुधा वेगळा लिहिलेला असतो. तो राहिला तर मरून बटण हात लावताच हिरवं होतं.

छपाईबद्दल थोडं. लेबल ऑफसेटवर छापायचं असेल तर संपूर्ण फाइलचा मोड स्क्रीनच्या RGB वरून छपाईच्या CMYK वर नेताना सगळेच रंग थोडे हलतात, आणि त्याचं खापर लोगोच्या बदलावर फुटतं. त्यामुळे आम्ही आधी मोड बदलतो, तो प्रूफ तुम्हाला दाखवतो, मग लोगोला हात घालतो. आणि एक विनंती. मशीनवर उभं राहून ‘मरून अजून जरा लाल करा’ असं ऑपरेटरला सांगू नका. मशीनवर शाई उभ्या पट्ट्यांमध्ये कमी-जास्त होते. मॅजेंटा वाढवला की त्या पट्टीत कागद जाईल तिथे जे जे छापलं जातं त्या सगळ्याला तो लागतो, लोगोखालची द्राक्षंसुद्धा लालसर होतात. फाइलमध्ये जे जपलं ते मशीनवर वाया जातं. मरून ठरावीकच हवा असेल तर तो पाचवा, वेगळा रंग म्हणून वेगळ्या प्लेटवर छापता येतो. मोठ्या ऑर्डरला परवडतं. हजार-दोन हजार लेबलांसाठी आम्हीच नको म्हणू.

प्रूफसोबत आम्ही आता एक जवळजवळ काळी आकृती पाठवतो. बऱ्याच जणांना ती चुकून आल्यासारखी वाटते. नव्या डिझाइनवर जुनं ठेवून वरच्या लेयरचा मोड Difference केला की जिथे काहीच बदललेलं नाही तिथे निव्वळ काळं दिसतं आणि जिथे बदल आहे तिथे उजेड. बारीक फरक डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून वर Levels टाकून पांढरी खूण २५५ वरून २० पर्यंत आणतो. एखाद्या टक्क्याचा फरकही मग चमकतो. ही तपासणी जेपीजी बनवण्याआधी करतो, कारण जेपीजी पुन्हा सेव्ह केली की सगळीकडे बारीक कचरा पडतो आणि आकृतीत तारे उगवल्यासारखे दिसतात. बेदाण्याच्या त्या लेबलच्या दुसऱ्या प्रूफमध्ये काळ्यावर फक्त लोगोची अक्षरं उजळली होती आणि कोपऱ्यात, ठिपक्याच्या जागी, काहीच नव्हतं. तुमच्या आकृतीत लोगोशिवाय आणखी काही चमकत असेल, तर प्रूफवर सही करू नका, आधी फोन करा.